विचारलं एक, उत्तर आलं दुसऱ्याच प्रश्नाचं

प्रश्न : मी चिपळूणची, नोकरीमुळे ठाण्यात राहते. कॉलेजपासूनची माझी मैत्रीण लग्नानंतर मालवणजवळच्या गावात असते. तिच्या घरामागच्या जागेत दोघींनी मिळून दोन खोल्यांचा होमस्टे काढायचा, असं आमचं ठरलंय. मार्चमध्ये मी विचारलं, "ऑक्टोबरला काम सुरू करूया?" ती म्हणाली, "आंबा संपला की मी मोकळी." मे महिन्यात लिहिलं, "मी दीड लाख बाजूला ठेवलेत, तुझ्याकडून किती धरू?" उत्तर आलं, "तू भारीच शिस्तीची गं! इथे पावसाच्या आत घर शाकारायचंय, निम्मी कौलं फुटलीत." आता जुलैत न राहवून सरळ विचारलं, "तू अजून माझ्याबरोबर हे करणार आहेस ना?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर, "अगं, तलाठ्याकडे जाऊन आले. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव. सहा जणांची नावं लागायचीत. नुसते हेलपाटे!" मी विचारलं काय आणि ती सांगते काय. ती मला टाळतेय का? तिला हे करायचंच नाही, असं समजू का?

उत्तर :

नाही, एवढ्यावरून तसं समजू नका. ती एक प्रश्न टाळते आहे हे खरं, पण तो तुम्हाला वाटतो तो असेलच असं नाही. मी बावीस वर्षं रत्नागिरीत समुपदेशन करते, त्याआधी भाषाविज्ञान शिकले, आणि या दोन्हींच्या मधोमध बसणारा हा विषय मला फार जवळचा आहे. तेव्हा सावकाश लिहिते.

आधी मार्चचं उत्तर यादीतून काढून टाका. तुम्ही ऑक्टोबर म्हणालात, ती आंबा संपल्यावर म्हणाली. आंबा मे अखेरीस, फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यात आटोपतो. म्हणजे तिने "चालेल" असंच सांगितलं, आपल्या कॅलेंडरात सांगितलं इतकंच. मनात शंका शिरली की माणूस मागचे सगळे निरोप उपसून बसतो आणि साध्या उत्तरातही काळंबेरं दिसायला लागतं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण मोबाईल पुढे करून असे पाच-सहा निरोप दाखवतात, आणि त्यातले निम्मे तरी नीट दिलेली उत्तरं असतात.

मे महिन्याचं उत्तर मात्र थांबून वाचण्यासारखं आहे. तुम्ही रक्कम विचारलीत, तिने कौलं सांगितली. वरवर पाहता विषयच बदलला. पण कौलारू घर शाकारायचं म्हणजे माणसांची मजुरी आली, नवी कौलं आली, वासे-रिपा कुजल्या असतील तर त्याही आल्या, आणि हे सगळं पाऊस लागायच्या आत. तिने पैशाच्या प्रश्नाला पैशाचंच उत्तर दिलंय : यंदा माझ्याकडे शिल्लक नाही. आकडा तेवढा गाळला. "तू भारीच शिस्तीची" हे आधी आलं, त्यात कौतुक आहे आणि थोडा संकोचही आहे. तुमचे दीड लाख तयार आहेत, हे वाचल्यावर तिला "माझे शून्य" असं लिहायला जड गेलं असणार.

ब्रिटिश तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ साली हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानांत या गोष्टीची फार चांगली फोड केली आहे. त्यातला संभाषणावरचा भाग १९७५ मध्ये छापून आला. त्यांचं एक उदाहरण असं : एका विद्यार्थ्याने तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी अर्ज केलाय आणि त्याच्या प्राध्यापकांकडे शिफारसपत्र मागितलंय. प्राध्यापक लिहितात, याचं इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व आहे आणि वर्गातली हजेरी नियमित आहे. बस्स. तत्त्वज्ञानाबद्दल अवाक्षर नाही. वाचणारा काय समजायचं ते समजतो. न लिहिलेलंच इथे बोलतं.

आता यातली खरी मेख. वाचणाऱ्याला तो अर्थ काढता येतो, कारण काही गोष्टी तो गृहीत धरतो. प्राध्यापकांनी प्रश्न नीट वाचलाय. उत्तर त्यांना ठाऊक आहे. ते देण्याचा अधिकारही त्यांना आहे. आणि तरीही त्यांनी ते दिलं नाही. यातली एक गोष्ट काढून घ्या, की सगळा अर्थ कोसळतो. प्राध्यापकांनी त्याला तत्त्वज्ञान शिकवलंच नसेल, तर त्या पत्रात वाईट काहीच नाही. मैत्रीण भलतंच उत्तर देते तेव्हा आपण थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतो : "तिला द्यायचं नव्हतं." आधीच्या तीन पायऱ्या तपासायचं राहून जातं.

पहिल्याच पायरीवर मी स्वतः एकदा घसरले आहे. एका मैत्रिणीला मी एकाच निरोपात लिहिलं होतं, "आईचं कसं आहे? रात्री झोप लागते का? आणि शनिवारी माझ्याबरोबर गुहागरला येतेस का, एकटीने जायचा कंटाळा आलाय." तिचं उत्तर आलं, "आई बरी आहे गं, कालपासून जेवते नीट." गुहागरचं नावही नाही. मी शनिवारी एकटी गेले आणि पुढचे दहा दिवस तिच्याशी तुटक वागले. तिने शेवटी विचारलंच, काय झालंय म्हणून. मी सांगितलं, तर तिने माझ्यासमोर मोबाईल काढून निरोप उघडला आणि म्हणाली, "हे खालचं मी आत्ता वाचतेय." हॉस्पिटलच्या रांगेत उभी असताना बंद स्क्रीनवर जेवढ्या दोन ओळी दिसल्या, तेवढ्या वाचून तिने तिथूनच उत्तर दिलं होतं. तिसरा प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. तेव्हापासून एका निरोपात एकच प्रश्न, हा नियम मी पाळते.

तुमच्या बाबतीत ही पायरी पक्की आहे. जुलैचा निरोप एका ओळीचा होता, प्रश्न एकच होता. तिने वाचला, आणि दुसऱ्या दिवशी विचार करून उत्तर दिलं. एक दिवस लागला याला मात्र फार अर्थ देऊ नका. समोरासमोरच्या बोलण्यात उशीर बोलका असतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातल्या दहा भाषांमधल्या हो-नाही प्रकारच्या प्रश्नांची उत्तरं मोजली होती. त्यात मराठी नव्हती, पण दहाही भाषांत एक गोष्ट सारखी निघाली : प्रश्नाचं उत्तर देणारी वाक्यं लवकर येतात, उत्तर न देणारी रेंगाळतात. हा फरक सेकंदाच्या अंशांचा असतो. जुलैत मालवणजवळच्या गावात वीज किती तास असते आणि रेंज किती, हे तुम्ही जाणता. तिथला एक दिवस त्या मापात बसत नाही.

आता जुलैच्या उत्तराकडे येऊ. माझी एक साधी पद्धत आहे : प्रश्नातले शब्द एकेक करून उत्तरात शोधायचे. कुठले टिकले, कुठले गळले? तुमचा प्रश्न होता, "तू अजून माझ्याबरोबर हे करणार आहेस ना?" उत्तरात "हे" टिकलंय, चांगलं ठसठशीत टिकलंय, अख्खं उत्तर जागेबद्दल आहे. "तू करणार" गळलं. "माझ्याबरोबर" गळलं. म्हणजे तुम्ही विचारलं "तुझी इच्छा आहे का", आणि तिने उत्तर दिलं "हे शक्य आहे का" या प्रश्नाचं.

मैत्रीतून अंग काढून घेणारा माणूस बहुधा "हे" सुद्धा टिकवत नाही. तो पाऊस सांगतो, मुलांच्या परीक्षा सांगतो, नाहीतर "बघू गं" म्हणून मोकळा होतो. "बघू" हे आपल्याकडचं सौम्य "नाही", ते ऐकून आपण कधी रागावत नाही. खंय चल्लंस म्हणून विचारल्यावर "हयच" असं सांगून जाणाऱ्यावर तरी कोण रागावतं? निघताना कुठे म्हणून विचारूच नये, असं लहानपणापासून शिकलेली आपण माणसं. तिच्याजवळ हे तयार शब्द होते, तरी तिने ते वापरले नाहीत. तिने तलाठी, सातबारा, आजोबा, सहा नावं असा तपशील दिला. तपशील द्यायला कष्ट पडतात. आणि तलाठ्याकडे जायला तर त्याहून जास्त पडतात. ती तिथे दुसऱ्याच कामासाठी गेली असेल ही शक्यता आहे, पण मग ते तुम्हाला या प्रश्नाच्या उत्तरात सांगायचं कारण काय?

मग तिने सरळ "हो, करायचंय, पण जागेचं अडलंय" असं का नाही लिहिलं? इथे ग्राइस यांच्या उदाहरणातली तिसरी पायरी बघा : उत्तर द्यायचा अधिकार. एक प्रश्न मला तुम्हालाच विचारायचाय. हे आजोबा कोणाचे? ती लग्न होऊन त्या गावात गेली आहे. घर सासरचं असेल तर आजोबा म्हणजे तिचे आजेसासरे. त्यांच्या नावावरची जमीन वारस नोंदीने पुढे यायची, तर आधी अर्ज, मग फेरफार, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी; आणि नावं लागतील ती सासऱ्यांची, त्यांच्या भावा-बहिणींची, कोणी हयात नसेल तर त्यांच्या मुलांची. त्या सहांत तिचं स्वतःचं नाव बहुतेक नाहीच.

कोकणातल्या सामाईक जमिनीचा हा खाक्या तुम्हाला चिपळूणला वेगळा सांगायला नको. जमीन सहा जणांची, त्यातले चार मुंबईला, एखादा चुलत दीर बोलत नाही, आणि बांधकामाला किंवा कर्जाला सगळ्यांची संमती लागणार. घरात राहून अंगण सारवणाऱ्या सुनेला त्यात सही नाही. इतके दिवस ती "आमच्या मागच्या जागेत" म्हणत आली असणार. आता तिला कळलंय, किंवा कोणीतरी घरात ऐकवलंय, की जागा तिची नाही. "तू करणार आहेस ना?" याला "हो" म्हणणं तिच्या हातात नाही, आणि "नाही" म्हणणं मनात नाही. मग माणूस कागदांबद्दल बोलतो.

हे मी अनुमान म्हणून सांगते, निकाल म्हणून नाही. टाळलेला प्रश्न दुखतं कुठे ते दाखवतो. काय दुखतंय, ते सांगत नाही. हा फरक किती मोठा असतो, ते एका प्रसंगातून सांगते. रत्नागिरीजवळच्या बंदरातला एक गृहस्थ माझ्याकडे आला होता. जुलै महिना, मासेमारी बंदीचा काळ, १ ऑगस्टला नौका पुन्हा समुद्रात जायच्या होत्या. त्याने तीस वर्षांच्या मित्राला विचारलं, "माझ्या पोराला यंदा तुझ्या बोटीवर घेशील का?" मित्र म्हणाला, "अरे, तो शिकतोय ना अजून?" प्रश्नाला प्रश्न. याने अर्थ लावला, माझा मुलगा त्याला नालायक वाटतो. दोघांचं बोलणं बंद. दिवाळीच्या सुमारास गावभर झालं की मित्राने बोट विकायला काढली होती, कर्ज डोईजड झालं होतं आणि त्याने घरीसुद्धा धड सांगितलं नव्हतं. त्याच्या उत्तरातून गळलेला शब्द "पोराला" नव्हता, "तुझ्या बोटीवर" हा होता. माझ्यासमोर बसून दोन्ही वाक्यं कागदावर लिहिली तेव्हा त्या गृहस्थाला ते दिसलं, आणि तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला.

तुम्हाला हा विसंवाद इतका टोचला याचं आणखी एक कारण आहे. तुमचा प्रश्न आणि तिचं उत्तर स्क्रीनवर एकाखाली एक आहेत. टॉड रॉजर्स आणि मायकल नॉर्टन या दोन अमेरिकी संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं आढळलं की, वक्त्याने विचारलेल्या प्रश्नाऐवजी त्याच्यासारख्याच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अस्खलित दिलं, तर बऱ्याच श्रोत्यांना ते लक्षातच येत नाही. पण मूळ प्रश्न पडद्यावर लिहून ठेवला की पटकन लक्षात येतं. तुम्ही दोघी तिच्या पडवीत बसून बोलत असतात, तर तुमच्या "करणार ना?" वर तिने सातबाऱ्याचं सांगितलं असतं, तुम्ही "अगं बाई, मग?" म्हणाला असतात, आणि पंधरा मिनिटांत सगळं बाहेर आलं असतं. मोबाईलवर तुम्ही "मग?" विचारलंच नाही. तुमच्या प्रश्नात असं लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे की त्या उत्तरावर तुम्ही अंगठा पाठवून गप्प बसलात.

तुमच्या वाक्याबद्दलही बोलायला हवं. "अजून" या शब्दात संशय आहे. तिला तो ऐकू गेला असणार. शेवटचा "ना" त्याहून अवघड. "करणार आहेस का?" याला हो आणि नाही या दोन्ही वाटा मोकळ्या असतात. "करणार आहेस ना?" यात तुम्ही "हो" आधीच तिच्या हातात ठेवलंय, तिने ते परत करायचं म्हणजे तुम्हाला दुखवायचं. आणि "हो, पण" ला तर तिथे जागाच नाही. आपण मराठी माणसं हा "ना" प्रेमाने लावतो, पण कोंडीत सापडलेल्या माणसाला तो जड होतो.

तेव्हा आता तोच प्रश्न पुन्हा विचारू नका. उत्तर द्यायला तिला जे जड जातंय, ते कमी करा. तिने जे सांगितलं त्याला धरूनच विचारा, आणि तिच्या इच्छेबद्दल काहीच विचारू नका. मी लिहिलं असतं ते असं :

"अगं, आजोबांचंच नाव म्हणजे मोठंच काम. त्या सहांत कोण कोण येतं?"

एवढंच. याचं उत्तर द्यायला तिला मन उघडं करावं लागत नाही, नुसती माहिती द्यायची आहे. ती जागेमुळेच अडली असेल, तर नावं सांगता सांगता ती स्वतःहून पुढचं बोलेल : "माझं नाव कुठलं, मी तर सून." असं काही आलं, की मग दुसरा निरोप : "यंदा नाही झालं तरी माझी काही हरकत नाही. माझे पैसे मी वर्षभराच्या ठेवीत टाकते." यातलं दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. "तुझी वाट बघते" असं म्हटलंत की तिच्यावर पुन्हा ओझं. ठेवीचं सांगितलंत की तिला कळतं, माझ्यामुळे हिचं काही अडलेलं नाही. तिच्या शिल्लक नसलेल्या पैशांचा विषय तुम्ही काढू नका. तो ती काढेल तेव्हा काढेल.

आणि या साध्या, माहितीच्या प्रश्नालाही तिने बगल दिली तर? कोण कोण येतं असं विचारल्यावर ती म्हणाली, "जाऊ दे ते, तुझी आई कशी आहे?" तर मी माझा अंदाज बदलेन. जागा अडचणीची आहे म्हणून ती बोलत नाही, हे मग धरता येणार नाही, कारण जागेबद्दल ती आधी आपणहून बोलली होती. तेव्हा प्रश्नातला गळलेला दुसरा शब्द उरतो, "माझ्याबरोबर". असं असू शकतं की नवऱ्याला किंवा सासऱ्यांना बाहेरची भागीदार नको आहे. असंही असू शकतं की तुमच्या दोघींमध्येच काही राहून गेलंय. त्याची उकल मोबाईलवर होत नाही. आणखी एकदा, तेही प्रत्यक्ष भेटीत, होमस्टेचं नाव न काढता, "माझं काही चुकलं का गं?" इतकं विचारावं. त्यालाही उत्तर आलं नाही, तर पैशाचा निर्णय तिच्याविना घ्यावा आणि मैत्री तिच्या चालीने चालू द्यावी.

भेटीचा विषय निघालाच आहे तर एक व्यवहाराचं सांगते. गणपतीला तुम्ही गावी जाल, आणि ओघाने तिच्याकडेही जावंसं वाटेल. पण त्या दिवसांत ते सहाच्या सहा वारस, निदान त्यांतले मुंबईचे, त्याच घरात उतरलेले असतील. सातबाऱ्याचं आणि संमतीचं बोलणं कोकणातल्या घरांत आरतीनंतर, पडवीत, याच चार दिवसांत निघतं. एरवी सगळे एकत्र असतात कुठे? तिच्या दृष्टीने ते दिवस फार नाजूक आहेत. तुम्ही तिथे होमस्टेचा शब्द जरी काढलात तरी "बाहेरची बाई जागेवर डोळा ठेवून आहे" असं कोणाच्या तरी मनात येईल, आणि तिचं काम होणार असेल तर तेही बिघडेल. दर्शनाला जा, मोदक खा, आणि परत या. पाहुणे गेले, घर मोकळं झालं, की साधारण आठवड्याने तिला फोन करा. तोवर तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल, या बाजूचं किंवा त्या बाजूचं, आणि ते तिला कोणाच्या कानावर न जाता सांगताही येईल.

वरचा पहिला निरोप मात्र आज संध्याकाळीच पाठवा. सातबाऱ्याचे हेलपाटे तिने तुम्हाला सांगितले, त्याला उत्तर तुमच्याकडून राहिलंय.